जुना भाड्याचा फ्लॅट: रंग, ओटा की फरशी, हिशेब कसा करावा?

पुण्यात कोथरूडसारख्या भागात 1990 च्या आसपास बांधलेले वन बीएचके फ्लॅट पुष्कळ आहेत. मोझॅक फरशी, कडप्प्याचा ओटा आणि पिवळट झालेल्या बाथरूमच्या टाइल्स ही त्यांची ओळख. असा फ्लॅट रिकामा झाला की मालकासमोर तीन-चार कामे उभी राहतात. त्यांतले कोणते आधी करावे, हे पुढे एका उदाहरणावरून मांडले आहे. त्यातील रकमा केवळ नमुन्यादाखल आहेत. आपल्या कंत्राटदाराचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

सर्वांत आधी दुरुस्ती आणि सुधारणा वेगळ्या काढाव्यात. बाथरूमची गळती थांबवल्याने भाडे वाढत नाही, मात्र ती तशीच ठेवली तर खालच्या मजल्यावरचे शेजारी आणि सोसायटी दोघेही दारात येतात. म्हणून हा खर्च तुलनेत धरू नये. गळती आहे की नाही हे पाहण्यासाठी नहाणी ट्रॅप कापडाने घट्ट बंद करून बाथरूमच्या फरशीवर दोनेक इंच पाणी साठवावे, पातळीशी पेन्सिलीने खूण करावी आणि 24 तासांनी खूण व खालच्या फ्लॅटचे छत दोन्ही तपासावे. छताला ओल आली, तर वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय वरच्या शोभेच्या कामाला हात लावू नये.

त्यानंतर भाड्याची कमाल मर्यादा शोधावी. संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत दिसते ते मागितलेले भाडे असते. आपल्याला हवे असते ते ठरलेले भाडे, आणि ते इमारतीतल्या इतर मालकांकडून किंवा करार करून देणाऱ्या एजंटकडून कळते. डिपॉझिट साधारण सारखे असेल तरच दोन भाड्यांची तुलना करावी. समजा, आपला फ्लॅट आहे तसा 17,000 ला जातो. त्याच इमारतीत केवळ रंग, नवे दिवे आणि नळ केलेला फ्लॅट 18,000 ला, त्यावर ओटा आणि ट्रॉली नव्या केलेला 19,800 ला, आणि फरशीही बदललेला 20,500 ला गेला आहे. म्हणजे रंगाचे 1,000, ओट्याचे 1,800 आणि फरशीचे 700 रुपये. कितीही खर्च केला तरी एकूण वाढ 3,500 च्या पुढे जाणार नाही, कारण त्याहून जास्त देणारा भाडेकरू नव्या इमारतीत जागा पाहतो.

आता प्रत्येक कामाच्या खर्चात, काम चालू असताना बुडणारे भाडेही मिळवावे. बहुतेक मालक नेमके हेच विसरतात. रंगकामाला 55,000 आणि आठ दिवस लागले, तर बुडालेले सुमारे 4,500 धरून खर्च 59,500 होतो. मधला रिकामा काळ वजा करून वर्षाचे 11 महिने मोजले, तर वाढीव भाडे 11,000 येते, म्हणजे पैसे सुटायला साडेपाच वर्षे. रंग तोपर्यंत टिकतोच असे नाही, त्यामुळे हे काम तोट्याचे वाटते.

पण भाडेकरूची पसंती केवळ भाड्यात दिसत नाही, ती फ्लॅट किती दिवस रिकामा राहतो त्यातही दिसते. जुन्या रूपात फ्लॅट 45 दिवस पडून राहत असेल आणि रंगानंतर 15 दिवसांत जात असेल, तर प्रत्येक बदलाला एक महिन्याचे भाडे वाचते. भाडेकरू सरासरी दोन वर्षे राहतो असे धरल्यास वर्षाला 8,500 रुपये. ते मिळवले की रंगाचे पैसे तीन वर्षांतच सुटतात. रिकाम्या दिवसांचा हा आकडा अंदाजाने न लिहिता मागच्या दोन-तीन करारांच्या तारखांवरून काढावा.

ओट्याचा खर्च 1,10,000 आणि पंधरा दिवसांचे भाडे मिळून 1,18,500 होतो. वर्षाला 19,800 धरल्यास सहा वर्षे लागतात. ग्रॅनाइट त्याहून कितीतरी अधिक टिकतो, मात्र ट्रॉलीचे प्लायवूड पाण्याला टिकणारे नसेल तर सिंकखालचा कप्पा आधी फुगतो.

फरशी मात्र माझ्या मते सर्वांत शेवटी. 1,00,000 खर्च, एक महिना बंद फ्लॅट आणि वर्षाला 7,700 ची वाढ, म्हणजे पंधरा वर्षे. जुन्या मोझॅकवरच नवी टाइल बसवली तर तोडफोड वाचते, परंतु पातळी वर येते आणि दारे खालून तासावी लागतात. मोझॅक शाबूत असेल, तर त्याला पॉलिश करून घेणे बहुधा पुरते.

कराच्या दृष्टीने एक गोष्ट हिशेबात धरावी. घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के ठोक वजावट मिळते, दुरुस्तीवर प्रत्यक्ष किती खर्च झाला याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे वर काढलेल्या वाढीव भाड्याच्या 70 टक्क्यांवर आपल्या दराने कर वजा करूनच वर्षांचा आकडा पुन्हा मांडावा. तसे केल्यावर वरच्या उदाहरणात ओटा सहाऐवजी सात वर्षांच्या आसपास जातो, आणि तो पुढच्या भाडेकरूच्या वेळी करून आत्ता केवळ रंग, दिवे आणि नळ उरकणे सोयीचे ठरते.