गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गायब झालेला आठवडा

आमच्या दादरच्या सोसायटीचं पावसाळ्याआधीच्या कामांचं शेड्यूल मी शीटमध्ये सेल हाताने रंगवून करायचो, पण तारीख हलली की सगळं परत रंगवा. आता B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, D1 पासून पुढे प्रत्येक सोमवारची तारीख, आणि D2 पासूनच्या सेलना कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला:

```
=AND($B2<D$1+7,$C2>=D$1)
```

ते +7 विसरू नका हां. वॉटरप्रूफिंग बुधवारी 6 मे 2026 ला सुरू, 19 मेला संपणार, म्हणजे 4, 11 आणि 18 मेचे तीन सेल रंगायला हवेत, पण मी आधी नुसतं $B2<=D$1 टाकलेलं तर 4 मेचा सेल पांढराच राहिला, कारण सोमवारी काम सुरूच झालं नव्हतं.

आणि पट्टा पार शेवटच्या कॉलमपर्यंत पळाला तर C मधली तारीख टेक्स्ट म्हणून पडलीय, ती सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, नीट परत टाइप करा.