उशीर झालेल्या बिलाचा फोन: "होऊन जाईल" ऐवजी तारीख कशी घ्यायची

इंदूरला सांवेर रोडवर मशीन मेंटेनन्सचं काम करणारी एक छोटी भागीदारी फर्म आहे, तिथे मी अकाउंट्स बघते आणि वसुलीचे फोनही मीच करते. नवीन असताना मी फोन करायचे, "सर ते पेमेंटचं बघा ना", समोरून "हो जाएगा मॅडम", मी खूश, रजिस्टरमध्ये टिक. तीन आठवडे गेले तरी खात्यात काही नाही. समोरचा खोटं बोलत होता असं नाही, मी त्याला तारीख विचारलीच नव्हती.

आता एक खरी केस सांगते. पीथमपूरच्या एका कंपनीचं बिल, १ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,०००. बिल ५ ऑगस्टचं, ३० दिवसांची उधारी, म्हणजे ४ सप्टेंबरला पैसे यायला हवे होते. मी ११ ला फोन केला. त्याआधी सकाळीच बिल आणि लेजर परत मेल केलं, कारण "बिल मिळालंच नाही" हे पहिलं उत्तर असतं आणि तिथेच फोन संपतो. आणि हातात किती येणार तेही काढून ठेवलं, ते २ टक्के टीडीएस कापतात, तोही जीएसटी सोडून फक्त १ लाखावर, म्हणजे २,००० जाऊन १,१६,०००. १,१८,००० मागितले की समोरचा टीडीएसवर अडतो आणि तारखेचा विषय राहूनच जातो.

त्यांचे अकाउंट्सवाले काका मराठी, म्हणून बोलणं मराठीत झालं, बाकी ठिकाणी मी हेच हिंदीत बोलते.

"काका नमस्कार, मेंटेनन्सवाल्यांकडून बोलतेय, दोन मिनिटं आहेत का? ५ ऑगस्टच्या बिलाचं विचारायचं होतं, टीडीएस जाऊन १,१६,००० येतात, ४ तारखेला ड्यू होतं. सकाळी कॉपी पाठवलीय. आमच्याकडून काही राहिलंय का?"

हे शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात कामाचं. "पैसे का नाही दिले" विचारलं की माणूस बचावाला लागतो, "आमच्याकडून काही राहिलंय का" विचारलं की तो सिस्टीम उघडून बघतो. काकांनी बघितलं आणि म्हणाले, अगं बिल एंट्रीलाच नाही, प्लांटवरून सर्व्हिस रिपोर्टवर सही आलेली नाही. म्हणजे मी महिनाभर जरी अकाउंट्सला फोन केले असते तरी काही झालं नसतं, बिल अडकलं होतं प्लांटमध्ये. आमच्या टेक्निशियनकडे सही असलेली कार्बन कॉपी होती, ती अर्ध्या तासात पाठवली आणि परत फोन केला.

"काका, रिपोर्ट मिळाला ना? आता हे कुठल्या पेमेंटमध्ये बसेल?"

"बघतो, पुढच्या आठवड्यात वगैरे."

इथे नवीन लोक "ठीक आहे, थँक्यू" म्हणून फोन ठेवतात. मी विचारलं, "तुमच्याकडे पेमेंट ठराविक तारखांनाच निघतात ना?" तर हो, १० आणि २५ ला. मग पुढच्या आठवड्यात निघणारच नव्हतं!

"मग २५ धरू का मी? आणि २५ ला तुमच्याकडून निघेल की आमच्या खात्यात दिसेल?"

हे विचारून गप्प बसायचं. दहा सेकंद शांतता असते, फार अवघड वाटतं, पण आपणच "नाही झालं तर महिनाअखेर चालेल" म्हणालो की तीच तारीख ठरते. काका म्हणाले, "२५ ला एनईएफटी करतो, अप्रूव्हल साहेबांचं लागेल, ते २३ ला घेतो." साहेबांचं अप्रूव्हल लागतं हे कळलं ते फार बरं झालं.

लगेच मेसेज टाकला: "काका, बोलल्याप्रमाणे १,१६,००० चं पेमेंट २५ सप्टेंबरला, अप्रूव्हल २३ ला. यूटीआर नंबर पाठवाल का? धन्यवाद." २३ ला दुपारी फक्त एवढंच विचारलं, "अप्रूव्हलसाठी अजून काही पेपर लागतील का?" २५ ला संध्याकाळी यूटीआर आला.

दिलेली तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन, चार दिवस थांबायचं नाही, कारण थांबलो की त्यांना वाटतं तारीख अशीच दिलेली होती. तेव्हा मी म्हणते, "काका, काल २५ चं ठरलं होतं, मी आमच्या साहेबांना तसंच सांगितलंय, काय अडलं?" फंड नसेल तर अर्धे आज आणि उरलेल्याची तारीख मागते. आम्ही उद्यम नोंदणीवाले आहोत, लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, उशिरावर व्याजही लागतं, पण हे मी पहिल्या फोनवर कधीच काढत नाही. दोन तारखा चुकल्या की मगच, आणि तेही मेलवर, साहेबांना विचारून. काकांशी फोनवर बोलणं तसंच साधं ठेवायचं, पुढचं बिल पण त्यांच्याच टेबलावर जाणार आहे.