हिवाळ्यात फटाक्यांच्या दारूच्या शेडमध्ये जाण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावा

तळवड्यात डिसेंबर 2023 मध्ये केकवरच्या स्पार्कल कँडलच्या कारखान्यात आग लागून कामगार बायका गेल्या, ते पुण्यातलं कोणी विसरलं नसेल. असल्या कामात असाल तर एवढं ऐकाच. आता थंडीत हवा कोरडी असते, नायलॉनची साडी किंवा स्वेटर अंगावर घासला की चार्ज साठतो, आणि साधारण 3000 व्होल्टच्या खाली आपल्याला झटका कळतच नाही, पण ॲल्युमिनियम पावडरचं काही मिश्रण तेवढ्याच ठिणगीनं पेटू शकतं. म्हणून दारातल्या अर्थिंग केलेल्या पट्टीला उघडा तळहात टेकवायचा, पण पायात रबरी चप्पल असेल तर चार पावलं चालून परत चार्ज तयार! चप्पल बाहेर काढा, सुती कपडे घाला, प्लास्टिकचा डबा-चमचा नको.

आणि तयार माल कोपऱ्यात साठवू नका हो. समजा शेडची लिमिट 5 किलो आहे आणि संध्याकाळपर्यंत तिथंच 20 किलो साचला, तर शेजारच्या शेडपर्यंत सोडलेलं अंतर 5 किलोच्या हिशोबाचं, ते आता पुरणारच नाही. लिमिट भरली की काम थांबवून माल आधी गोदामात पाठवा.