डास चावून मुलाचा हात सुजला तर या चुका टाळा

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला संध्याकाळी डास चावतो, रात्री तिथे साधी गांधी दिसते आणि सकाळी पाहावे तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात लाल, गरम आणि टरटरून सुजलेला असतो. पालकांनी घाबरणे स्वाभाविक आहे. मात्र त्यानंतर जे उपाय केले जातात, ते वर्षानुवर्षे तेच आणि बहुतांशी चुकीचे असतात.

ही सूज विषाची नसते आणि बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचीही नसते. डास रक्त ओढताना त्वचेत लाळ सोडतो आणि त्या लाळेतील प्रथिनांवर मुलाची प्रतिकारशक्ती प्रमाणाबाहेर प्रतिक्रिया देते. कॅनडातील विनिपेग येथील एस्टेल सिमन्स आणि झिकांग पेंग यांनी १९९९ मध्ये अशा काही लहान मुलांचे वर्णन करताना या प्रकाराला ‘स्कीटर सिंड्रोम’ असे नाव दिले. ज्याला आजवर फारसे डास चावलेले नाहीत त्याला ही प्रतिक्रिया अधिक येते. म्हणूनच ती लहान मुलांमध्ये, तसेच परदेशात वाढून सुटीत आजोळी आलेल्या नातवंडांमध्ये ठळकपणे दिसते. अशा वेळी ‘आम्हालाही डास चावतात, आमचे हात कुठे सुजतात?’ या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की त्यांच्या शरीराला त्या लाळेची सवय होऊन गेलेली असते, आणि वारंवार डास चावत गेल्यावर बहुतेक मुलांचीही प्रतिक्रिया वयाबरोबर सौम्य होत जाते.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ही सूज ‘इन्फेक्शन’ समजून लगेच अँटिबायोटिक सुरू करणे. साडेतीन वर्षांच्या एका मुलीचा हात असाच सुजला, तेव्हा तिला एका दवाखान्यात अँटिबायोटिकचे सिरप मिळाले. तिला जुलाब लागले, सूज चौथ्या दिवशी उतरू लागली आणि घरच्यांनी त्याचे श्रेय औषधाला दिले, जरी ती त्या सुमारास आपोआपच उतरली असती. पुढच्या वेळी पापणी सुजली, तेव्हा आईने फ्रिजमध्ये उरलेली तीच बाटली काढली; पाण्यात कालवलेले हे सिरप साधारण आठवड्याभरातच निकामी होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिसऱ्या वेळी, पुन्हा हात सुजल्यावर, ते माझ्याकडे आले.

अशा वेळी मी हाताकडे पाहण्याआधी वेळ विचारतो. डास आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास चावला होता, झोपेपर्यंत लाली पसरली होती आणि सकाळी हात सुजला होता. काही तासांत एवढी सूज येणे हे ॲलर्जीचे लक्षण आहे, कारण खाजवलेल्या जागेतून जंतू शिरून संसर्ग व्हायला सहसा एक-दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ जातो. दुसरी खूण मुलाच्या वागण्यात दिसते. ही मुलगी दुसऱ्या हाताने सूज खाजवत होती, मी दाबल्यावर रडली नाही आणि त्याच हाताने खेळणे उचलत होती. संसर्गात खाजेपेक्षा दुखणे अधिक असते आणि मूल त्या भागाला हात लावू देत नाही.

मी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ आखली, शेजारी वेळ लिहिली आणि अँटिबायोटिक दिले नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांचा घाबरून फोन आला की लाली रेघेच्या दोन बोटे पुढे गेली आहे. अपुऱ्या माहितीमुळे अधीर पालक नेमके इथेच उपचार बदलतात. ॲलर्जीची सूज पहिले दोन दिवस वाढू शकते. मूल खेळत-खात असेल आणि खाज हीच मुख्य तक्रार असेल, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत आली आणि सुमारे आठवड्याने फक्त फिकट तपकिरी डाग उरला.

या काळात केलेले उपचार अगदी साधे होते. जागा साबण-पाण्याने धुतली, ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर वेळी दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरला आणि झोपताना हात उशीवर उंच ठेवला. पाच मिलिलिटरमध्ये पाच मिलिग्रॅम असलेले सेटिरिझिन सिरप अडीच मिलिलिटर, दिवसातून एकदा दिले. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला हीच सुरुवातीची मात्रा असते. दोन वर्षांखालील बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सुजेवर एक टक्क्याचे हायड्रोकॉर्टिझोन मलम दोन वेळा, पातळ थरात, चार-पाच दिवस लावले. नखे कापणे हे मी औषधाइतकेच महत्त्वाचे मानतो, कारण खरा संसर्ग झालाच तर तो खाजवण्यातूनच होतो.

दुसरी चूक म्हणजे औषधाच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ मागून आणणे. बहुधा हाती पडते ते तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक यांचे मिश्रण. डास चावण्याशी बुरशीचा संबंध नाही, अशा मलमात अनेकदा असणारे निओमायसिन स्वतःच त्वचेवर ॲलर्जी आणू शकते, आणि तीव्र स्टेरॉइड लहान मुलाच्या चेहऱ्यावर वारंवार लावल्यास त्वचा पातळ होते. पहिल्याच दिवशी आराम पडतो म्हणून हा आडमार्ग लोकप्रिय आहे, पण पापणीजवळ तर तो मी मुळीच खपवून घेत नाही.

चुना आणि टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते किंवा चुरचुरते. कापूर असलेले बाम लहान मुलाच्या हाती लागू देऊ नयेत, कारण तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. गुंगी आणणारे सर्दीचे सिरप ‘झोप तरी लागेल’ म्हणून देणे मला पटत नाही.

पापणी सकाळी पूर्ण मिटलेली दिसली तरी तिथली त्वचा सैल असल्याने तसे होते आणि मूल उभे राहून हिंडू-फिरू लागल्यावर दुपारपर्यंत ती काहीशी उघडते. डोळा हलवताना दुखत असेल, बुबुळ पुढे आल्यासारखे वाटत असेल किंवा ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन दिवसांनंतर नव्याने वाढणारी लाली, पू, वर चढणारी लाल रेघ किंवा वाढते दुखणे असेल, तर संसर्गाचा विचार करावाच लागतो. ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांध्या उठणे, उलट्या किंवा श्वासाची घरघर हे दुर्मीळ असले, तरी तसे दिसताच थेट रुग्णालय गाठावे. या सुजेसोबत थोडा ताप येऊ शकतो. पावसाळ्यात तापासाठी पॅरासिटामॉलच द्यावे, कारण डेंग्यूची शक्यता असताना आयबुप्रोफेन धोक्याचे ठरते.

ज्या मुलाला असे पुन्हा पुन्हा होते, त्याला पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, झोपताना मच्छरदाणी लावावी आणि दोन महिन्यांपेक्षा मोठ्या बाळाला डीईईटी असलेले लोशन हाताचे पंजे, डोळे आणि तोंड सोडून उघड्या त्वचेवर लावावे. निलगिरी-लिंबाच्या तेलाचे लोशन ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाते, पण ते तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही. डासांचा उपद्रव असलेल्या गावी जायचे असेल, तर तेवढ्या दिवसांसाठी सेटिरिझिन आधीपासून रोज द्यावे का, हे निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. सूज आल्यावर धावपळ करण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.