टीव्हीचा पिन विसरलात? रिसेट मारायच्या आधी या चुका टाळा

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, टीव्ही पिन मागतोय आणि भाऊजींनी दोन वर्षांपूर्वी टाकलेला तो आता त्यांनाच आठवत नाहीये. मुलाने यूट्यूब फार बघू नये म्हणून ॲपला लॉक लावलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून भाऊजी फॅक्टरी रिसेट करायला निघाले होते, मी म्हटलं थांबा जरा, तसं केलं तर सगळ्या ॲपचं लॉगिन जाईल आणि मग प्रत्येकाचा पासवर्ड शोधत बसावं लागेल.

पहिली चूक इथेच होते, पिन कोण मागतंय हेच आपण बघत नाही. टीव्हीचा पिन वेगळा, नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलचा वेगळा आणि प्राइम व्हिडिओचा आणखी वेगळा. ओळखायचं कसं, तर ॲपवर क्लिक केल्या केल्या, ॲप उघडायच्या आतच पिनची चौकट आली तर तो टीव्हीचा. ॲप उघडलं, प्रोफाइलचे चेहरे दिसले आणि त्यातला एक निवडल्यावर पिन आला तर तो ॲपचा. प्राइम व्हिडिओचा पिन पाच आकडी असतो, टीव्हीचा चार आकडी, त्यामुळे रिकामी घरं मोजली तरी अंदाज येतो. ॲपचा पिन असेल तर टीव्ही कितीही रिसेट करा, काही उपयोग नाही, कारण तो पिन त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो.

ताईकडे चौकट यूट्यूब उघडायच्या आधी येत होती, म्हणजे टीव्हीचा पिन. टीव्ही सॅमसंगचा. आधी 0000 टाकून बघायला सांगितलं, कारण कुणी बदललाच नसेल तर तोच असतो. चालला नाही. मग टीव्ही चालू ठेवूनच रिमोटवर या क्रमाने बटणं दाबायची:

```
Volume + → Return → Volume − → Return → Volume + → Return
```

हे आकडे नसलेल्या छोट्या स्मार्ट रिमोटसाठी आहे. पिन परत 0000 होतो, आणि ॲप, लॉगिन, वायफाय सगळं जिथल्या तिथे राहतं.

पण ताईने दोनदा केलं आणि झालंच नाही! व्हिडिओ कॉलवर रिमोट बघितला तेव्हा कळलं. त्या रिमोटवर व्हॉल्यूमचं बटण पट्टीसारखं असतं, वर ढकललं की आवाज वाढतो, खाली ओढलं की कमी होतो, आणि आत दाबलं तर म्यूट होतो. ताई प्रत्येक वेळी आत दाबत होती आणि क्रम मोडत होता. स्क्रीनवर म्यूटचं चिन्ह दिसलं की समजायचं चुकलं, परत पहिल्यापासून करायचं. तिसऱ्या वेळी बोटाने नीट वर, खाली, वर केलं आणि 0000 चालला. लगेच सेटिंगमध्ये `System Manager` मधल्या `Change PIN` मधून नवीन टाकून घेतला, कारण 0000 तसाच ठेवला तर भाचा पहिला तोच टाकून बघणार.

जुना, आकड्यांचा रिमोट असलेला सॅमसंग असेल तर क्रम वेगळा. टीव्ही रिमोटने बंद करायचा पण मेन स्विच चालूच ठेवायचा, आणि मग म्यूट, 8, 2, 4, पॉवर अशी बटणं एकामागून एक दाबायची.

आता बाकीच्या चुका. प्लग काढून दहा मिनिटं ठेवला तर पिन जात नाही, तो टीव्हीच्या मेमरीत असतो. `Reset Smart Hub` हा पर्याय नावावरून निरुपद्रवी वाटतो पण त्याने ॲप आणि लॉगिन दोन्ही पुसले जातात, तिकडे जाऊच नका. आणि मेनूतून फॅक्टरी रिसेट करायला गेलं की तोही आधी पिनच मागतो, म्हणजे विसरलेला पिन सापडेपर्यंत तुम्ही तिथेच अडकलेले.

नेटफ्लिक्सचा पिन विसरला तर लोक ते प्रोफाइलच डिलीट करून नवीन बनवतात, हे मात्र अजिबात करू नका, त्या प्रोफाइलची हिस्टरी आणि माय लिस्ट दोन्ही जातात. फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सच्या अकाउंट पानावर जा, ते प्रोफाइल निवडा, त्यात `Profile Lock` आहे, अकाउंटचा पासवर्ड टाकून तिथून पिन बदला किंवा लॉकच काढा. प्राइम व्हिडिओचंही तसंच, वेबसाइटवर लॉगिन करून पॅरेंटल कंट्रोलच्या सेटिंगमध्ये नवीन पिन टाकायचा. दोन्हीकडे अकाउंटचा पासवर्ड लागतो, म्हणून अकाउंट ज्याच्या नावावर आहे त्यालाच हे करायला सांगा. ताईकडे नेटफ्लिक्स भावाच्या नावावर आहे आणि तो नाशिकला, तिथे बसून त्यानेही करून दिलं असतं.