मायग्रेनमुळे अधूनमधून उशीर होणार, हे मॅनेजरला कसं सांगावं

मायग्रेन असणाऱ्याला नोकरीत सगळ्यात जड जाते ती सकाळ. दिवसभर उठताच येत नसेल तर रजा टाकता येते, विषय संपतो. पण पुष्कळांना झटका पहाटे येतो. चार-साडेचारला डोक्याच्या एका बाजूला ठणका घेऊनच जाग येते, गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पडलं की अकरा-बारापर्यंत माणूस कामाला बसण्याइतका सावरतो. पूर्ण रजा घ्यायची गरज नसते, पण साडेनऊच्या स्टँडअपलाही पोहोचता येत नाही. महिन्यातून दोन-तीनदा असं झालं की हजेरीच्या नोंदीत फक्त उशीर दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर सपोर्ट टीममध्ये काम करते. माझं हे असंच आहे, म्हणून नुकतेच नोकरीला लागलेल्यांसाठी ही पद्धत सविस्तर लिहिते आहे.

मॅनेजरशी बोलण्याआधी साधारण दोन महिन्यांची डोकेदुखीची नोंद हाताशी असावी. साधी वही पुरते. झटका कधी सुरू झाला, गोळी कधी घेतली, कामाला कधी बसता आलं, एवढंच लिहायचं. मॅनेजरला जाणून घ्यायचं असतं की हे किती वेळा होणार, किती उशीर होणार आणि त्याला ते कधी कळणार. वही असली की या तिन्हींचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही.

तीच वही डॉक्टरांनाही दाखवा, आणि ती आधी. महिन्यात किती दिवस गोळी घेतली हे त्यांना पाहायचं असतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा खास मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा त्याहून जास्त दिवस, अशा तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ घेतल्या गेल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुचवू शकतात. त्याचा गुण कळायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. ऑफिसातली योजना ही उपचार करूनही जे झटके उरतात त्यांच्यासाठी असते. ‘उपचार चालू आहेत’ हे वाक्य खरं असलं की पुढचं बोलणं पुष्कळ सोपं होतं.

बोलायला बरा असलेला दिवस निवडा. झटक्याच्या दिवशी, किंवा उशिरा आल्याबद्दल विचारणा झाल्यावर बोललं की ती सबब वाटते. अप्रेझलच्या बैठकीतही हा विषय नको. मॅनेजरकडे वेगळी पंधरा मिनिटं मागा. मी जवळपास या शब्दांत सांगितलं होतं:

“मॅडम, मला मायग्रेनचा त्रास आहे. न्यूरॉलॉजिस्टचे उपचार चालू आहेत. तरी महिन्यातून दोन-तीनदा पहाटे झटका येतो आणि त्या दिवशी मला साडेनऊऐवजी बाराच्या सुमारास काम सुरू करता येतं. त्या दिवसांसाठी एक पद्धत सुचवू का? तुम्हाला चालते का बघा.”

यापेक्षा जास्त वैद्यकीय तपशील द्यायची गरज नसते. पण दोन प्रश्न बहुतेक येतातच, त्यांची उत्तरं तयार ठेवा. पहिला, “मग त्या दिवशी घरून कर ना काम?” हे आपुलकीनेच विचारलेलं असतं. त्यावर सांगायचं की झटक्यात उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळतं, स्क्रीनकडे बघवत नाही. त्यामुळे ते दोन-तीन तास घरूनही काम होणार नाही, मात्र बारानंतर घरून सुरू करायची परवानगी मिळाली तर प्रवासाचा वेळ वाचेल. दुसरा प्रश्न, “गोळी घेऊन निघता येणार नाही का?” गोळी दुखणं सुरू होताच घेतली तर चांगली लागू पडते. झोपेतच झटका वाढलेला असेल तर ती वेळ निघून गेलेली असते आणि आराम पडायला दोन तास किंवा जास्त लागू शकतात. गरगरत असताना किंवा गोळीची झापड असताना दुचाकी चालवणं धोक्याचं आहे, हेही स्पष्ट सांगा.

योजना छोटी ठेवा. आमच्याकडे ठरलं ते असं. सकाळी आठच्या आत मॅनेजर आणि बदली सहकारी या दोघांना एकच मेसेज जाईल. त्याचा मसुदा फोनमध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो, कारण ठणका असताना वाक्य जुळवत बसणं अवघड जातं:

“मायग्रेन आहे. १२ वाजता सुरू करते. तातडीची तिकिटं सामायिक फाइलमध्ये वरच आहेत. १२ पर्यंत बरं वाटलं नाही तर अर्धी रजा टाकेन.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. उशीर सहन होतो, पण ही येणार की नाही याची दुपारपर्यंत वाट बघत बसणं टीमला जड जातं. उपचार न केलेला झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो, म्हणून ‘थोड्या वेळात येते’ असं कधीच कळवू नये. निर्णयाची एक वेळ ठरवायची आणि ती पाळायची.

मेसेजमधली ती फाइल रोज संध्याकाळी निघताना अद्ययावत करावी लागते, बरं असतानाही. कोणतं तिकीट कुठे अडलंय, ग्राहकाला काय उत्तर द्यायचंय, एवढ्या चार ओळी. हे न करता नुसता बदली सहकारी नेमला तर तो बिचारा साडेनऊला फोन करतो आणि फोनची रिंग नेमकी त्या वेळी ऐकवत नाही. त्या सहकाऱ्याला आपणही काहीतरी द्यावं. मी महिन्यातल्या त्याच्या दोन संध्याकाळच्या पाळ्या घेते.

भरपाईच्या तासांबाबत माझं मत ठाम आहे: ते त्याच रात्री भरून काढायचं कबूल करू नका. झटका ओसरल्यावरही बराच वेळ, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत, डोकं जड राहतं, लक्ष लागत नाही. तास त्या आठवड्यात वाटून घ्या, आणि त्या दुपारी लाइव्ह सिस्टिममध्ये बदल करायचं काम नको असं योजनेतच लिहा. चूक झाली तर निस्तरायला जास्त वेळ जातो, हे मॅनेजरला लगेच पटतं.

ठरलेलं त्याच दिवशी पाच-सहा ओळींच्या ईमेलने पाठवा आणि दोन महिन्यांनी आढावा घेऊ असं त्यातच लिहा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं तर ते एचआरकडे द्यावं, टीमच्या ईमेलमध्ये जोडू नये. कायद्याचा आधार घेण्याआधी एक लक्षात घ्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांच्या यादीत मायग्रेनचं नाव नाही. त्यामुळे बहुतेक वेळा सगळं कंपनीच्या धोरणावर आणि मॅनेजरच्या संमतीवर चालतं, आणि म्हणूनच लेखी नोंद हवी.

नकार आला तर नेमकं काय अडतंय ते विचारा. अडचण बहुधा साडेनऊला टीममध्ये कोण असेल एवढीच असते, आणि बदली सहकाऱ्याचं नाव घेतल्यावर ती सुटते. सकाळी सातला ग्राहकाचे फोन घ्यायची पाळी असेल तर मात्र ही योजना चालणार नाही, तिथे दुपारची कायम पाळी मागावी. दर आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्या तर टाळाव्यातच, कारण झोपेच्या वेळा बदलल्या की पुष्कळांचे झटके वाढतात.

मॅनेजर बदलला तर जुना ईमेल पहिल्याच आठवड्यात नव्या मॅनेजरला पाठवा आणि पुन्हा पंधरा मिनिटं मागा.