रन थांबवण्याआधी स्टेप अर्धी करून बघा

स्टोकॅस्टिक ग्रेडियंट डिसेंटने मॉडेल शिकवताना डेटा शफल करणं, सीड लिहून ठेवणं हे सगळे करतातच. लॉस मात्र एकेका बॅचवर मोजू नका. एक ठरावीक नमुना बाजूला काढा आणि दर वेळी त्याच्यावरच मोजा. शिवाय एखादा सुटा आकडा धरू नका, काहीशे स्टेपांची सरासरी घ्या. नाहीतर पुढची तपासणी फुकट जाईल.

आता खरी गोष्ट. लॉसची रेघ आडवी झाली की रन बंद करायचा नाही, आधी स्टेप अर्धी करायची. मागच्या खेपेला नेमकं हेच राहून गेलं आणि आडव्या रेघेलाच उत्तर समजलं गेलं.

f(x) = x²/2 घ्या. खरा ग्रेडियंट x, त्यात दर वेळी मिसळणाऱ्या नॉईजचं व्हेरियन्स 1. x = 10 पासून 0.1 च्या स्टेपने निघालात तर चाळीसेक स्टेपांत शून्याजवळ याल, पण तिथे ठरणार नाही. शून्यावर खरा ग्रेडियंट संपतो, नॉईज संपत नाही. दर स्टेपला नॉईज तुम्हाला बाहेर फेकतो आणि उतार अंतराचा जेमतेम दहावा भाग परत ओढतो. स्टेपला η म्हटलं तर दोन्हींचा तोल η/(2−η) एवढ्या व्हेरियन्सवर बसतो, म्हणजे साधारण 0.053. लाख स्टेपा चालवा, सरासरी लॉस 0.026 च्या आसपासच राहील. स्टेप 0.05 करा, तो 0.013 वर येतो. म्हणून म्हणते, आधी अर्धी करा! लॉस खाली सरकला तर तो नॉईजचा थर होता. सरकला नाही तर अडचण दुसरी आहे. बहुधा एखाद्या दिशेला उतार फार मंद असेल, आणि तिथे स्टेप आणखी घटवली तर चाल आणखी रखडेल.

पहिल्यापासूनच बारीक स्टेप घ्यायचा मोह टाळा. 0.01 ने थर खूप खाली जातो, पण तिथवर पोचायला पाचएकशे स्टेपा लागतात. आधी मोठी स्टेप, थर लागला की घट.

घट किती वेगाने करायची, याचा निकष रॉबिन्स आणि मनरो यांनी 1951 मध्येच दिला: स्टेपांची बेरीज अनंत हवी, त्यांच्या वर्गांची सांत. k व्या खेपेची स्टेप 1/k ठेवली, तर तो क्रम दोन्ही पाळतो. वरच्या उदाहरणात त्याने व्हेरियन्स बरोबर 1/k राहतं. 1/k² घेऊ नका, त्याची बेरीज 1.645 च्या पुढे जात नाही, त्यामुळे दूरवरून निघालात तर वाटेतच अडकाल. c/k मधला c फार लहान ठेवलात तर अडकणार नाही, पण चाल फार रखडेल.

बॅच चौपट केली तरी थर चौथाईवर येतो, फक्त हिशोब महाग पडतो. मॉडेल प्रत्येक नमुना तंतोतंत बसवत असेल तर तळाशी नॉईजच उरत नाही. तिथे घट नको. शेवटच्या टप्प्यातल्या x ची सरासरी काढा, चेकपॉइंट ठेवा. आणि अर्धी करून बघितल्याशिवाय बंद करू नका.